फोन घरी ठेवून घड्याळाने किंवा अंगठीने पैसे देताना: आधी काय करायचं, मशीनपुढे काय करायचं

मागच्या नवरात्रात बडोद्यात माझी मामी गरब्याला निघाली. फोन घरी चार्जिंगला, बोटात पैसे देणारी अंगठी. वाटेत औषधाच्या दुकानात तिने अंगठी कार्डाच्या मशीनला लावली, 'टीं' असा आवाज आला, आणि ती गोळ्या घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत पोचते तोच दुकानातला मुलगा धावत आला, "बेन, पेमेन्ट नथी थयुं!" फोन जवळ नव्हता, त्यामुळे खात्यातून पैसे गेले की नाही हे तिला सांगता येईना. दुकानदाराला वाटलं बाई तशाच निघाल्या, मामीला वाटलं मशीनवाले दोनदा पैसे घेताहेत. चूक दोघांचीही नव्हती. तो आवाज म्हणजे काय, हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ओळखीतल्या पाचसहा जणांची घड्याळं आणि अंगठ्या मी जोडून दिल्या. सगळ्यांच्या चुका त्याच त्या, आणि बहुतेक चुका दुकानात नाही, घरीच झालेल्या असतात. म्हणून हा क्रम लिहितो आहे. वाचताना तुमची वस्तू आणि फोन दोन्ही समोर असू द्या.

## टप्पा 1: हातातली वस्तू कोणत्या जातीची आहे ते ओळखा

पहिली जात स्क्रीनवाल्या स्मार्टवॉचची. यात कार्ड घड्याळाच्या आत साठवलेलं असतं. ते बॅटरीवर चालतं, त्याला पासकोड असतो, आणि घड्याळ मनगटावरून काढलं की कार्डाला कुलूप लागतं.

दुसरी जात अंगठी, पट्टा किंवा किल्लीच्या बिल्ल्याची. यातल्या पैशाच्या चिपला बॅटरी लागत नाही. मशीनजवळ नेलं की मशीनच्याच चुंबकीय लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि उत्तर देते. टायटन आणि स्टेट बँकेने 2020 मध्ये आणलेल्या घड्याळांत अशी चिप पट्ट्यात होती. ॲक्सिस बँकेने 2021 मध्ये मनगटी पट्टा आणि किल्लीचा बिल्ला आणला, तोही याच जातीचा. अंगठ्याही बहुतेक अशाच. काही अंगठ्या झोप आणि हृदयाचे ठोके मोजतात, त्यासाठी त्यांना बॅटरी असते. पण ठोके मोजणाऱ्या प्रत्येक अंगठीत पैशाची चिप असतेच असं नाही. खोक्यावर पेमेंटचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती नाही असंच धरा.

तिसरी जात फसवी. स्वस्त स्मार्टवॉचमध्ये 'पेमेंट' नावाचा एक चौकोन असतो. तो उघडला की तुमचाच क्यूआर कोड दिसतो. तो पैसे घेण्यासाठी आहे, देण्यासाठी नाही. असं घड्याळ मशीनवर कितीही घासलं तरी काही होणार नाही.

तपासा: घड्याळाच्या सेटिंगमध्ये किंवा माहितीपत्रकात एनएफसी हा शब्द आहे का? मशीनजवळ नेल्यावर चिप ज्या तंत्राने बोलते, त्याचं हे नाव. आणि त्याच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये *तुमच्या* बँकेचं *तुमचंच* कार्ड भारतात चालतं का? दोन्ही हवं. परदेशातल्या मुलाने पाठवलेल्या घड्याळात एनएफसी असतं, पण इथल्या बँकेचं कार्ड त्यात जोडता येईलच असं नाही. गूगल वॉलेटचंच पाहा. मे 2024 मध्ये ते भारतात आलं ते तिकिटं आणि पास ठेवण्यासाठी. टॅप करून पैसे देण्याची सोय तेव्हा त्यात दिलेली नव्हती.

## टप्पा 2: फोन हातात असतानाच कार्ड जोडा आणि मर्यादा ठरवा

फोन नसताना पैसे कसे जातात हे इथे समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. तुम्ही कार्ड जोडता तेव्हा तुमचा खरा कार्ड नंबर अंगठीत जात नाही. त्याच्याऐवजी एक पर्यायी नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात, आणि तोच चिपमध्ये बसतो. घड्याळं आणि पट्टे यांच्यासाठी असं टोकन द्यायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये परवानगी दिली. टॅप करताना चिप हे टोकन आणि त्या एकाच व्यवहारापुरती चालणारी एक सांकेतिक सही मशीनला देते. पुढचं सगळं दुकानदाराचं मशीन स्वतःच्या सिमवरून किंवा वायफायवरून तुमच्या बँकेला विचारतं. म्हणजे इंटरनेट लागतं ते मशीनला. तुमच्या फोनला त्या क्षणी काहीच काम नसतं.

पण जोडताना फोन लागतोच. ओटीपी त्याच्यावर येतो आणि टोकन चिपमध्ये बसवण्याचं कामही बहुधा त्याचं अ‍ॅपच करतं. हे काम गरब्याच्या दिवशी संध्याकाळी सहाला करायला बसू नका. एखाद्या रविवारी सकाळी करा. क्रम असा ठेवा:

1. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसतं टेकवून होणारा व्यवहार चालू आहे का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनंतर नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड येतं तेव्हा ही सोय बंद असते, ती आपण चालू करायची असते. अंगठी नीट जोडली आणि तरी प्रत्येक दुकानात नकार आला, तर पहिला संशय याच बटणावर घ्या. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये टोकनच्या व्यवहारांसाठी वेगळं बटण असतं. असेल तर तेही चालू करा.
2. तिथेच दिवसाची मर्यादा ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.
3. मग घड्याळाच्या किंवा अंगठीच्या अ‍ॅपमध्ये कार्ड जोडा आणि ओटीपी द्या. 'जोडणी पूर्ण' असं दिसेपर्यंत अंगठी फोनच्या पाठीला टेकवलेली असेल तर हलवू नका.
4. स्मार्टवॉच असेल तर पासकोड ठेवा. वाढदिवसाचं साल नको.

सावध राहा: अंगठीला आणि पट्ट्याला कुलूप नसतं. 1 जानेवारी 2021 पासून कॉन्टॅक्टलेस कार्डाने ₹5,000 पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो, आणि ज्याला अंगठी सापडेल त्यालाही तो करता येईल. म्हणून पगाराचं खातं अंगठीला जोडू नये असं माझं ठाम मत आहे. एक वेगळं छोटं खातं किंवा प्रीपेड कार्ड घ्या, त्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवा. मामीच्या अंगठीमागच्या खात्यात आम्ही ₹6,000 ठेवतो आणि दिवसाची मर्यादा ₹2,000.

₹5,000 च्या वरच्या बिलाला मशीन पिन मागेल. तो जोडलेल्या कार्डाचा पिन, घड्याळाचा पासकोड नव्हे. लोक इथे घड्याळाचा पासकोड दाबतात आणि चुकीच्या पिनमुळे कार्डच अडकवून बसतात. प्रीपेड असेल तर त्याचा पिन त्याच्या अ‍ॅपमध्ये आधीच ठरवून ठेवावा लागतो.

## टप्पा 3: चिपची जागा घरीच शोधा

दुकानात अंगठी चालत नाही याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे चुकीची बाजू. मशीन आणि चिप यांच्यात तीनचार सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. त्यात अंगठीतली तारेची गुंडाळी एवढीशी, त्यामुळे तिला प्रत्यक्ष टेकवावंच लागतं. काही अंगठ्यांत ही गुंडाळी सबंध वेढ्याभोवती असते, काहींत एकाच बाजूला चपटी बसवलेली असते. स्मार्टवॉचमध्ये ती बहुतेक तबकडीखाली असते, पट्टेवाल्या जातीत पट्ट्याच्या एका टोकाला.

एनएफसी असलेला अँड्रॉइड फोन घ्या, एनएफसी चालू करा आणि स्क्रीन उघडी ठेवा. बोटातली अंगठी फोनच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवा. जिथे फोन थरथरतो किंवा आवाज करतो, ती फोनच्या अँटेनाची जागा. आता त्याच जागी अंगठी बोटातल्या बोटात फिरवून पाहा. कोणत्या बाजूने फोन लगेच ओळखतो? मामीची अंगठी तळहाताकडची बाजू लावली तरच बोलते. त्यामुळे ती मूठ अर्धवट मिटून बोटाची आतली बाजू मशीनला टेकवते. कॅरम खेळताना हात पालथा ठेवतो तसा तिने ठेवला की मशीन गप्प.

तपासा: शेजारच्या बोटात सोन्याची किंवा चांदीची जाड अंगठी असेल तर ती ठेवून आणि काढून, दोन्ही करून पाहा. जवळचा धातू लहरी अडवतो. गरब्याच्या दिवशी हातभर बांगड्या असतील तर ही चाचणी बांगड्या घालूनच करायची.

## टप्पा 4: फोन बंद करून एक खरा व्यवहार करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे. ओळखीच्या दुकानात जा, कार्डाचं मशीन असलेल्या. फोन बंद करा आणि पिशवीत टाका. ₹50 चं काहीतरी घ्या आणि अंगठीने किंवा घड्याळाने पैसे द्या. पावती मागून घ्या. मग फोन चालू करून बँकेचा मेसेज आला का ते पाहा.

पावतीवरचे कार्डाचे शेवटचे चार आकडे बघा. ते तुमच्या कार्डावरच्या आकड्यांशी जुळणार नाहीत, कारण ते टोकनचे आहेत. मामीच्या कार्डावर शेवटी 9052 आहे आणि पावतीवर 4417 आलं. तिला वाटलं दुसऱ्याच कुणाच्या कार्डाचे पैसे गेले. हे चार आकडे मर्यादेच्या त्याच कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

स्मार्टवॉचवाल्यांनी इथे आणखी एक बघावं. काही घड्याळं मोजक्या व्यवहारांपुरत्या सह्याच साठवून ठेवतात आणि इंटरनेट मिळालं की त्या पुन्हा भरून घेतात. पेमेंटसाठी घड्याळ बरेच दिवस वापरलं नसेल, तर निघण्यापूर्वी ते फोनला किंवा वायफायला जोडून पेमेंट अ‍ॅप एकदा उघडा.

## टप्पा 5: निघताना

घड्याळ मनगटावर घट्ट घाला आणि पासकोड दाराच्या आतच टाका. सैल घड्याळ हात हलला की 'काढलं' असं समजतं आणि कार्डाला कुलूप लावतं. गरब्यात हे हमखास होतं, कारण घामाने मागचे सेन्सर गोंधळतात आणि टाळ्यांच्या हिसक्याने घड्याळ सरकतं. काही घड्याळांत पासकोड तीनदा चुकला की पेमेंट बंदच होतं आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून पुन्हा सुरू करावं लागतं. फोन घरी असताना याचा अर्थ, आज घड्याळाने पैसे नाहीत.

सोबत ₹500 रोख आणि तो कागद घ्या. कागदावर चार गोष्टी: दिवसाची मर्यादा, टोकनचे शेवटचे चार आकडे, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, आणि घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर. आजकाल घरच्यांचा नंबर कुणाला पाठ नसतो, हे फोन नसतानाच लक्षात येतं.

## टप्पा 6: मशीनपुढे

1. आधी मशीन कोणतं ते पाहा. रेडिओ लहरींसारख्या चार वक्र रेघांचं चिन्ह असेल तरच टॅप चालेल. नुसता क्यूआर स्टिकर असेल तर अंगठीचा काही उपयोग नाही. आपल्या बडोद्यात भाजीवाल्याकडे आणि गरब्याच्या मैदानाबाहेरच्या बहुतेक टपऱ्यांवर हेच असतं. बोलणाऱ्या स्पीकरच्या डब्यांपैकी काही 2023 पासून टॅपही घेतात, पण सगळे नाही. चिन्ह शोधा.

2. माल बांधण्यापूर्वी सांगा. गल्ल्यावरचा माणूस सवयीने यूपीआयचं बटण दाबतो. मशीनवर क्यूआर येतो आणि तुमचा टॅप वाया जातो. बडोद्यात सरळ म्हणायचं, "कार्ड छे, टॅप करवानुं छे." अंगठी असा शब्द काढलात तर तो आधी अंगठी बघायला हात पुढे करेल. कार्ड म्हटलं की त्याचं बोट बरोबर बटणावर जातं.

3. रक्कम येईपर्यंत थांबा. मशीनच्या पडद्यावर आकडा आणि टॅप करण्याची सूचना दिसल्यावरच हात पुढे करा. त्याआधी मशीन ऐकतच नसतं. आकडा वाचा. ₹640 च्या जागी ₹6,400 पडलेत का, हे नंतर सांगणारा मेसेज तुमच्या घरी चार्जिंगला लावलेल्या फोनवर जाणार आहे.

4. टेकवा आणि स्थिर धरा. स्मार्टवॉचवर आधी कार्ड उघडा. बहुतेकांत बाजूचं बटण दोनदा किंवा लांब दाबून ते उघडतं. चिन्हाच्या जागी टेकवून दोन सेकंद धरा. झटक्यात लावून काढून घेणं ही सर्वांत मोठी चूक. जागा सापडत नसेल तर पडद्यावर, मग कागद निघतो त्या बाजूला, मग पाठीमागे, अशी सावकाश शोधा.

5. आवाजानंतर थांबा. मामी इथे चुकली. 'टीं' म्हणजे मशीनने चिप वाचली, एवढंच. आता ते बँकेला विचारतंय. गर्दीत नेटवर्क मंद असलं तर पाच, दहा, पंधरा सेकंद जातात. पडद्यावर `Approved` दिसलं किंवा पावती निघाली, की पैसे दिले. मामीच्या त्या संध्याकाळी मशीनने वाचलं होतं, पण बँकेपर्यंत ते पोचलंच नव्हतं. घरी येऊन फोन पाहिला तर एकही मेसेज नव्हता.

6. पावती घ्या. फोन जवळ असताना पावती नको म्हटलं तर चालतं. आज तुमचा पुरावा तोच एक कागद आहे.

## टप्पा 7: नकार आला तर मशीनवरचे शब्द वाचा

`See Phone` आलं तर फोनचा संबंध असेलच असं नाही. मशीनला तुमच्या हातातलं उपकरण फोन वाटतंय आणि त्याला कुलूप आहे, एवढाच अर्थ. घड्याळावर पासकोड टाका आणि पुन्हा टॅप करा.

`Insert Card` आलं तर मशीनला या व्यवहाराला टॅप नको आहे. अंगठी खाचेत घालता येत नाही, त्यामुळे इथे रोख द्या.

एकाहून जास्त कार्डं जवळ आहेत असं काही आलं, तर त्याच हातात धरलेलं पाकीट किंवा ऑफिसचं ओळखपत्र बाजूला करा.

`Declined` आलं तर नकार मशीनचा नाही, बँकेचा आहे. इथे लोक अंगठी बिघडली समजून पुन्हा पुन्हा टेकवत राहतात. मामीचाच दुसरा दिवस घ्या. औषधं ₹640, पावती मिळाली, सगळं नीट. तासाभराने मांडवीजवळ ओढणी घेतली, ₹1,480. अंगठी तीच, बाजू बरोबर, आवाजही आला, आणि नकार. खात्यात पैसे होते. पण 640 आणि 1,480 मिळून 2,120 होतात, आणि मर्यादा होती ₹2,000. कागद जवळ होता म्हणून तिला स्वतःलाच उलगडलं. तिने खिशातले ₹500 दुकानदाराला दिले आणि उरलेले ₹980 टॅप केले. गेलं.

सावध राहा: पावती निघाली नाही, मशीन मध्येच बंद पडलं, आणि दुकानदार पुन्हा टॅप करा म्हणतोय, अशा वेळी शक्य असेल तर दुसऱ्यांदा रोख द्या. खात्यातून पैसे गेले आणि दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ₹100 भरपाई आहे. हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. घरी आल्यावर फोनवरचा मेसेज पाहा, पैसे गेले असतील तर वेळ आणि रक्कम टिपून ठेवा, आणि सहाव्या दिवशीही परत आले नसतील तर बँकेत लेखी तक्रार करा.

## टप्पा 8: हरवली तर, आणि माल परत करायचा असेल तर

अंगठी गरब्यात पडली असं लक्षात आलं की ती शोधण्याआधी कुणाचा तरी फोन मागून कागदावरच्या नंबरवर कॉल करा. बँकेला कळवल्यानंतर कुणी ती वापरली तर ते नुकसान बँकेचं. कळवण्याआधीचं मात्र तुमच्या अंगावर येऊ शकतं, म्हणून मिनिटं मोजायची. घरी कुणी असेल आणि तुमचा फोन उघडू शकत असेल, तर त्याला अ‍ॅपमधून फक्त अंगठीतलं कार्ड काढून टाकायला सांगा. टोकन मेलं की अंगठी निकामी होते आणि मूळ कार्ड तसंच चालू राहतं. बँकेला 'कार्ड बंद करा' म्हटलंत तर दोन्ही बंद होतात आणि नवं कार्ड येईपर्यंत थांबावं लागतं. घरी कुणी नसेल तर मात्र विचार करत बसू नका, कार्डच बंद करा.

माल परत करताना मूळ कार्ड घेऊन गेलात तर दुकानदार म्हणेल, या कार्डाने पैसे दिलेलेच नाहीत. त्याच्या दृष्टीने तो खरं बोलतोय, त्याच्या पावतीवर 4417 आहे आणि तुमच्या कार्डावर 9052. ज्या अंगठीने किंवा घड्याळाने पैसे दिले तीच वस्तू आणि तीच पावती घेऊन जा. परताव्यासाठी मशीनने पुन्हा टॅप मागितला तर तीच वस्तू टेकवायची. परत आलेले पैसे अंगठीत नाही, तिच्यामागच्या खात्यात जमा होतात आणि त्याला काही दिवस लागू शकतात. परतावा येईपर्यंत अंगठीतलं कार्ड अ‍ॅपमधून काढू नका.